खरेदीखताच्या भाषांतरातील तीन शब्द : अभिहस्तांतरण, बोजा आणि कब्जा

स्थावर मिळकतीच्या खरेदीखताचे भाषांतर हे साहित्यिक भाषांतराहून एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. कवितेचे किंवा कथेचे भाषांतर चुकले तर मूळ कृतीला बाध येत नाही. ती आपल्या जागी जशीच्या तशी उभी राहते. दस्तऐवजाच्या बाबतीत मात्र अनेकदा भाषांतर हेच मूळ म्हणून वाचले जाते. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे, नोंदणी अधिकाऱ्यास न समजणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात सामान्यतः न वापरल्या जाणाऱ्या भाषेत लिहिलेला दस्त नोंदवून घेण्यापूर्वी त्याचे जिल्ह्यात रूढ असलेल्या भाषेतील खरे भाषांतर जोडावे लागते. आणि कलम ६२ प्रमाणे नकला व ज्ञापने काढण्याच्या कामी ते भाषांतर जणू मूळच आहे असे मानले जाते. दुसरीकडे, तालुक्याच्या न्यायालयात मराठीतच वाचला गेलेला दस्त अपिलात उच्च न्यायालयापुढे जातो तेव्हा तो इंग्रजीत न्यावा लागतो, आणि वादाचा पुढील सारा भाग त्या इंग्रजी शब्दांवर चालण्याचा संभव असतो. तेथे एक शब्द सैल पडला तर विक्रीचे गहाण होते, कराराचे हस्तांतरण होते, किंवा ज्या कर्जाची खरेदीदारास वार्ताही नव्हती ते त्याच्या माथी बसते.

प्रस्तुत लेखात अशा दस्तांतील तीनच संज्ञांचा विचार करावयाचा आहे. इंग्रजीत त्या ‘कन्व्हेयन्स’, ‘एन्कम्ब्रन्स’ आणि ‘पझेशन’ अशा आहेत. कोशात यांपैकी प्रत्येकीस एकाहून अधिक मराठी प्रतिशब्द सापडतात आणि त्या प्रतिशब्दांनाही परत एकाहून अधिक इंग्रजी शब्द लागू पडतात. अडचण शब्दांच्या अभावाची नसून त्यांच्या विपुलतेची आहे. कोणता शब्द कोठे घ्यावयाचा हे कोश सांगत नाही. दस्तातील त्या वाक्याने कोणास कोणाविरुद्ध कोणता हक्क मिळतो, हे पाहूनच ते ठरवावे लागते.

१. खरेदीखत आणि कन्व्हेयन्स

आरंभ दस्ताच्या नावापासूनच करणे इष्ट आहे. विक्रीच्या ज्या दस्ताला इंग्रजीत ‘सेल डीड’ म्हणतात त्याला मराठीत खरेदीखत म्हणतात. व्यवहार एकच, परंतु इंग्रजी नाव विकणाराच्या बाजूने पडले आहे आणि मराठी नाव घेणाराच्या बाजूने. ‘गणपतरावांनी खरेदीखत लिहून दिले’ या वाक्यात गणपतराव हे विकणारे आहेत. शब्दाला शब्द लावणारा भाषांतरकार येथे ‘परचेस डीड’ असे लिहून जातो, आणि ज्याला मराठी येत नाही असा वाचक गणपतरावांना खरेदीदार समजतो. तेव्हा नाव बदलून का होईना, दिशा राखली पाहिजे : खरेदीखताचे ‘सेल डीड’ करणे हेच येथे खरे भाषांतर होय.

हाच विचार ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ या जोडीला लागू पडतो. खरेदीखतात लिहून देणार म्हणजे विकणारा. गहाणखतात तोच शब्द गहाण ठेवणाऱ्यास लागतो. भाडेचिठ्ठी मात्र भाडेकरू मालकास लिहून देतो. तेथे लिहून देणार हा भाडेकरू असतो. म्हणजे हे शब्द पक्षकाराचे हित सांगत नाहीत, दस्तावर सही करून बांधून घेणारा कोण आणि त्या दस्ताच्या आधारे मागणी करणारा कोण एवढेच सांगतात. नोंदणीच्या कायद्यात इंग्रजीतही नेमकी हीच जोडी आहे : दस्त निष्पादित करणारी व्यक्ती आणि दस्तान्वये हक्क सांगणारी व्यक्ती. सरसकट ‘व्हेंडर’ आणि ‘परचेसर’ असे लिहिण्याची सवय असेल तर भाडेचिठ्ठीच्या वेळी ती अंगाशी येते.

आता ‘कन्व्हेयन्स’ या शब्दाकडे वळू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम ५ मध्ये मिळकतीच्या हस्तांतरणाची जी व्याख्या आहे तिच्यात या शब्दाचे क्रियारूप येते आणि तेथे त्याचा अर्थ व्यापक आहे : एका हयात व्यक्तीने दुसरीला मिळकत देणे. ही क्रिया विक्रीत असते, तशी देणगीत आणि अदलाबदलीतही असते. कलम ५४ मधील ‘सेल’ मात्र तिचा एकच प्रकार आहे : दिलेल्या, देऊ केलेल्या, किंवा काही दिलेल्या व काही देऊ केलेल्या किमतीच्या मोबदल्यात मालकीचे हस्तांतरण. तिसरा अर्थ मुद्रांकाच्या कायद्यात आढळतो. १९५८ चा जो अधिनियम आज महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम या नावाने ओळखला जातो त्यात कन्व्हेयन्स म्हणजे क्रिया नव्हे तर दस्त. आणि त्यात विक्रीच्या दस्ताबरोबरच, अनुसूचीत ज्यांची वेगळी सोय केलेली नाही असे हयात व्यक्तींमधील मिळकतीच्या हस्तांतरणाचे इतर लेखही येतात. इतकेच नव्हे, तर न्यायालयाचा हुकूमनामाही येतो.

यावरून तीन वेगवेगळ्या मराठी शब्दांची गरज स्पष्ट होते. शासकीय मराठीत कन्व्हेयन्सला ‘अभिहस्तांतरण’ आणि ट्रान्सफरला ‘हस्तांतरण’ असे रूढ झाले आहे. हे दोन शब्द वेगळे ठेवणे किती आवश्यक आहे हे शहरातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवहारावरून दिसते. एखाद्या सभासदाने आपली सदनिका विकली आणि भागपत्र दुसऱ्याच्या नावे झाले की त्याला हस्तांतरण म्हणतात. विकासकाने जमीन आणि इमारत यांची मालकी संस्थेच्या नावे करून देणे याला अभिहस्तांतरण म्हणतात. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमाच्या कलम ११ ने हे दुसरे कर्तव्य प्रवर्तकावर टाकले. तो ते पाळत नसल्यास सक्षम अधिकाऱ्याकडून ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळविण्याची सोय २००८ च्या सुधारणेने झाली. या ठिकाणी दोन्हींना ‘हस्तांतरण’ म्हटले तर ज्या संस्थेतील सर्व सदनिका रीतसर विकल्या गेल्या आहेत तिला जमीनही मिळाली आहे असा भास उत्पन्न होतो. सभासदांच्या हाती सदनिका असणे आणि संस्थेच्या हाती जमिनीची मालकी नसणे, ही स्थिती अनेक संस्थांत प्रत्यक्षात असते. अभिहस्तांतरण ही क्रिया आणि ते घडवून आणणारा दस्त यांतही फरक करावयाचा असल्यास दस्ताला ‘अभिहस्तांतरणपत्र’ म्हणावे.

परंतु नामाहूनही अधिक जपावयास हवे ते क्रियापद. मालकी आज जाते की पुढे जावयाची आहे, हे मराठी दस्तात नामावरून नव्हे तर क्रियापदाच्या रूपावरून कळते. ‘विकत दिली आहे’ किंवा ‘या लेखान्वये विकत देत आहे’ हे शब्द स्वतःच ते कृत्य करतात. तत्त्वज्ञ ऑस्टिन यांनी ज्या उक्तींना कृतिरूप उक्ती म्हणून वेगळे काढले त्यांचे हे उत्तम उदाहरण होय. विधिज्ञांनी तर दस्तातील अशा भागाला फार पूर्वीपासून प्रवर्ती भाग असेच नाव दिले आहे. याउलट ‘विकत देण्याचे ठरविले आहे’ यातील पूर्ण झालेली क्रिया ‘ठरविणे’ ही आहे, ‘देणे’ ही नव्हे. असा दस्त साठेखत होतो, आणि कलम ५४ स्पष्टच सांगते की विक्रीच्या करारामुळे, केवळ त्याच्याच बळावर, मिळकतीत कोणताही हितसंबंध किंवा प्रभार निर्माण होत नाही. दोन्ही वाक्यांच्या शेवटी ‘आहे’ येते म्हणून दोहोंसाठी इंग्रजीत एकच काळ वापरणे, हा घाईच्या भाषांतरात घडणारा दोष आहे.

२. बोजा आणि एन्कम्ब्रन्स

जवळजवळ प्रत्येक मराठी खरेदीखतात मिळकत ‘निर्वेध व बिनबोजाची’ असल्याचे विधान असते, आणि जवळजवळ प्रत्येक भाषांतरात त्याचे ‘फ्री फ्रॉम ऑल एन्कम्ब्रन्सेस’ असे रूप होते. हे रूप चूक नाही. परंतु कोणत्या शब्दाने कोणता भाग उचलला आहे हे पाहिल्याशिवाय ते बरोबर आहे असेही म्हणता येत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात ‘बोजा’ हा शब्द मुख्यतः पैशाच्या देण्याशी जोडलेला आहे. सातबाराच्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ या सदरात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा रकमेसह लिहिलेला असतो, आणि कर्ज फिटले की ‘बोजा कमी केला’ असे म्हणतात. याच सदरात कोणाचा वहिवाटीचा रस्ता किंवा विहिरीतील पाण्याचा हिस्सा लिहिलेला असू शकतो. परंतु त्यास कोणी शेतकरी बोजा म्हणत नाही. जमिनीवर कुळ असले तरी ‘जमिनीवर कुळ आहे’ असे म्हणतात, ‘कुळाचा बोजा आहे’ असे म्हणत नाहीत. इंग्रजी ‘एन्कम्ब्रन्स’ची व्याप्ती याहून मोठी आहे. त्याचा मूळ अर्थ अडथळा असा असून, मालकाच्या हक्काला उणेपणा आणणारा आणि मिळकतीबरोबर खरेदीदाराकडे जाणारा परक्याचा कोणताही हक्क त्यात सामावू शकतो : गहाण, प्रभार, भाडेपट्टा, सुविधाधिकार, अन्नवस्त्राचा हक्क. मराठी शब्द वजनाची कल्पना करतो, इंग्रजी शब्द वाटेतील अडसराची. आणि सर्वच अडसर वजनदार असतात असे नाही.

जुन्या दस्तलेखकांना हा फरक ठाऊक असावा, कारण ते केवळ ‘बिनबोजाची’ म्हणून थांबत नाहीत. ‘निर्वेध’ हा शब्द ते जोडतात, आणि त्यापुढे यादी देतात : गहाण, दान, पोटगी, अन्नवस्त्र, चोळीबांगडी, जामीनकी, जप्ती, कुळवहिवाट, वगैरे काहीएक नाही. आजच्या वाचकास ही यादी पाल्हाळ वाटते आणि भाषांतरकार तिला गाळून एका शब्दात उरकतो. वस्तुतः ‘बोजा’ या शब्दाच्या बाहेर जे राहते ते या यादीने आत आणलेले असते. ‘चोळीबांगडी’ म्हणजे घरातील विधवेच्या किंवा मुलीच्या निर्वाहासाठी लावून दिलेले जमिनीचे उत्पन्न किंवा जमीन. त्याला इंग्रजीत नेमका शब्द नाही. तो शब्द नागरीतून रोमन लिपीत जसाच्या तसा उतरवून पुढे निर्वाहाचा हक्क असा खुलासा करणे हाच मार्ग आहे. अशा स्थानिक शब्दांचा अर्थ पुराव्याने सिद्ध करण्याची मुभा १८७२ च्या पुरावा अधिनियमाने दिली होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती राखली आहे. भाषांतरातून मूळ शब्दच नाहीसा झाला तर पुरावा द्यावयाचा तो कशाचा, असा प्रश्न पडेल.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना, दुसराच धोका संभवतो. ‘मॉर्गेज’, ‘चार्ज’ आणि ‘एन्कम्ब्रन्स’ या तिघांसाठीही बोलण्यात ‘बोजा’ चालतो. कायद्यात ते तीन वेगळे आहेत. गहाणात मिळकतीतील हितसंबंधाचे हस्तांतरण होते. कलम १०० मधील प्रभारात तसे होत नाही. मिळकत केवळ पैशाच्या फेडीला तारण राहते, आणि एखाद्या कायद्यात स्पष्टपणे अन्यथा सांगितले नसेल तर, मोबदला देऊन व त्या प्रभाराची जाणीव नसताना मिळकत घेणाऱ्याविरुद्ध तो बजावता येत नाही. म्हणून इंग्रजीतील ‘चार्ज’ला मराठीत ‘गहाण’ म्हटले तर धनकोस नसलेला हक्क दिला जातो, आणि ‘मॉर्गेज’ला नुसते ‘बोजा’ म्हटले तर असलेला हक्क कमी होतो. मॉर्गेजला गहाण, चार्जला प्रभार आणि एन्कम्ब्रन्सला भार असे शब्द एका दस्तापुरते नेमून घेऊन शेवटपर्यंत पाळावे. ‘बोजा’ हा शब्द जेथे महसूल दप्तरातील नोंदीचा उल्लेख आहे तेथे राखावा, कारण तेथे तो दप्तराचाच शब्द आहे.

सोसायटीच्या बोजाचे उदाहरण घेतल्यास ही सावधगिरी कोरी पंडिती नाही हे कळून येईल. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ४८ हे, सभासदाने कर्जासाठी केलेल्या घोषणेवरून त्याच्या जमिनीवर संस्थेचा प्रभार निर्माण करते. कर्ज फिटेपर्यंत त्या जमिनीच्या हस्तांतरणास, काही मर्यादित सवलती सोडून, मनाई करते. आणि मनाई मोडून केलेले हस्तांतरण शून्य ठरविते. म्हणजे या ठिकाणी ‘बोजा’ हे केवळ जमिनीबरोबर जाणारे देणे नव्हे. तो असताना विक्रीच टिकत नाही. हे सर्व भाषांतरात लिहावयाचे नसते. परंतु उताऱ्यातील ‘बोजा’ या शब्दाचे ‘लोन’ असे भाषांतर केले तर वाचणाऱ्या वकिलास कलम ४८ आठवण्याचे कारणच उरत नाही.

३. कब्जा, ताबा, वहिवाट आणि भोगवटा

‘पझेशन’ या एका शब्दापुढे मराठीत चार शब्द उभे राहतात, आणि तेही बहुधा एकाच दस्तात एकत्र येतात. कब्जा आणि ताबा हे दोन्ही अरबीतून आलेले. कब्जा या शब्दात मुठीत धरण्याची कल्पना आहे. ताबा या शब्दात अंकित असण्याची, जी ‘ताबेदार’ या शब्दात अद्याप दिसते. परंतु आजच्या दस्तांत या दोहोंत नियमाने अर्थभेद केला जातो असे दाखविता येत नाही. ‘कब्जा तुमचे ताब्यात दिला’ अशी द्विरुक्तीही आढळते. तेव्हा दोहोंनाही ‘पझेशन’ म्हणण्यास हरकत नाही. खरा अर्थभेद त्यांच्या मागे लागणाऱ्या विशेषणात असतो. ‘प्रत्यक्ष कब्जा’, ‘खुला व रिकामा कब्जा’ आणि नुसता ‘कब्जा’ हे तीन वेगळे आहेत. कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने मिळकतीच्या स्वरूपानुसार जसा देता येईल तसाच कब्जा द्यावयाचा असतो. घरात भाडेकरू असेल तर त्याला रिकामा कब्जा देता येणार नाही, भाडेकरूने यापुढे नव्या मालकास भाडे द्यावे एवढेच तो करू शकतो. मूळ दस्तात ‘कब्जा’ एवढेच असेल आणि भाषांतरकाराने ओघात ‘व्हेकंट पझेशन’ असे लिहिले, तर त्याने विकणाऱ्यावर एक नवीच जबाबदारी लादली असे होईल.

वहिवाट ही वेगळी गोष्ट आहे. मिळकत कसणे, तिचे उत्पन्न घेणे, तिचा व्यवहार चालविणे, हा तिचा अर्थ. आणि रस्त्याच्या संदर्भात तर जाण्यायेण्याचा हक्क असा. ‘माझे मालकी वहिवाटीची जमीन’ या परिचित पदबंधात मालकीपुढे उपभोगाची भर आहे. येथे ‘वहिवाट’ला ‘पझेशन’ म्हटल्यास एरवी मोठे बिघडत नाही. परंतु वाद रस्त्याचा असेल तर मात्र बिघडते. ‘या वाटेची वहिवाट वीस वर्षांची आहे’ असे म्हणणारा शेजारी त्या वाटेच्या जमिनीवर मालकी सांगत नसतो. तो वापराचा, म्हणजे सुविधाधिकाराचा दावा सांगत असतो. त्याचे इंग्रजीत ‘पझेशन’ झाले की तो प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे बारा वर्षांनी मालकीवर गदा आणणाऱ्या हक्काचा दावा वाटू लागतो. दोन्ही दाव्यांना लागणारा पुरावा भिन्न, फळ भिन्न आणि बचावही भिन्न आहे.

भोगवटा या शब्दाला तर महसूल कायद्याने स्वतःचा अर्थ दिला आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील ‘भोगवटादार’ हा शब्द इंग्रजीतील ‘ऑक्युपंट’ या संज्ञेचा प्रतिशब्द आहे, आणि त्या व्याख्येतून कुळ व शासकीय पट्टेदार वगळले आहेत. जमीन प्रत्यक्षात कसत असूनही कुळ भोगवटादार नसते. म्हणून ‘भोगवटादार वर्ग २’ यास ‘कब्जा असलेली व्यक्ती’ असे सुटसुटीत रूप देणे चुकीचे आहे. या वर्गाच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात, आणि त्या सुटसुटीत रूपात तो निर्बंधच दिसेनासा होतो.

४. एका साठेखताचे भाषांतर

आतापर्यंतचे विवेचन एका नमुन्यावर पडताळून पाहू. पुढील वाक्ये नमुन्यादाखल रचलेली असली तरी त्यांचा घाट रोजच्या दस्तांतलाच आहे :

‘सदरहू १ हेक्टर २० आर जमीन तुम्हांस बारा लाख रुपयांस कायम खरेदी देण्याचे ठरविले असून त्यापैकी चार लाख रुपये आज भरून पावलो. जमीन निर्वेध व बिनबोजाची आहे. जमिनीचा कब्जा आज रोजी तुम्हांस दिला आहे. बाकी रक्कम सहा महिन्यांचे आत घेऊन खरेदीखत पुरे करून देईन.’

घाईचे इंग्रजी भाषांतर मराठीत परत आणले तर असे दिसते : ‘मी सदर जमीन तुम्हांस बारा लाखांस कायमची विकली आहे आणि चार लाख घेतले आहेत. जमिनीवर कर्ज नाही. जमिनीचा ताबा तुम्हांस देण्यात येईल. बाकी रक्कम मिळाल्यावर खरेदीची कागदपत्रे देईन.’ वाचताना हे सुरळीत वाटते. परंतु यात चार ठिकाणी कायदा बदलला आहे.

पहिल्या वाक्यात ‘कायम खरेदी’ या शब्दांनी भाषांतरकारास फसविले. ‘कायम’ हे विशेषण पुढे होणारी विक्री कशा प्रकारची असेल हे सांगते, म्हणजे ती मुदतीची किंवा परतीच्या अटीची नसेल. विक्री झाली आहे असे ते सांगत नाही. ‘ठरविले’ या क्रियापदाचे ‘विकली’ झाल्याने साठेखताचे खरेदीखत झाले. दुसऱ्या वाक्यात ‘निर्वेध’ गळाले आणि ‘बोजा’ला केवळ कर्जाचा अर्थ आला, जमिनीवर उद्या शेजाऱ्याचा रस्ता निघाला तर विकणाऱ्याने काय वचन दिले होते हे या भाषांतरावरून सांगता येणार नाही.

तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘दिला आहे’चे ‘देण्यात येईल’ झाले. मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणाप्रमाणे, विक्रीच्या करारात कब्जा कराराआधी, करारासमयी किंवा करारानंतर हस्तांतरित केला असेल, किंवा करावयाचे कबूल केले असेल, तर तो करार मुद्रांकापुरता अभिहस्तांतरण मानला जातो आणि त्यावर त्याप्रमाणे शुल्क बसते. पुढे खरेदीखत होईल तेव्हा भरलेले शुल्क वळते करून मिळते. या स्पष्टीकरणावर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये वीणा हसमुख जैन यांच्या प्रकरणात निर्णय दिला आहे. म्हणून कब्जा आज दिला, अमुक तारखेस द्यावयाचा ठरला, की खरेदीखत होईल त्याच वेळी द्यावयाचा आहे, या तीन स्थिती भाषांतरात काटेकोरपणे वेगळ्या राहिल्या पाहिजेत. दुसरा परिणाम खरेदीदाराच्या संरक्षणाचा आहे. कलम ५३अ प्रमाणे कराराच्या अनुषंगाने कब्जा घेतलेल्या आणि आपल्या बाजूने करार पाळणाऱ्या खरेदीदारास विकणारा सहजासहजी हुसकू शकत नाही; मात्र २००१ च्या सुधारणेपासून त्यासाठी करार नोंदलेला असावा लागतो. ‘देण्यात येईल’ असे लिहिणाऱ्याने त्या खरेदीदाराच्या हातून ही ढालच काढून घेतली.

चौथ्या वाक्यात ‘खरेदीखत पुरे करून देईन’ याचे ‘कागदपत्रे देईन’ झाले. पहिले अभिवचन मालकी देण्याचे आहे. दुसरे, फार तर, कागद हवाली करण्याचे.

नीट भाषांतराने याउलट काय साधावे? पहिल्या वाक्यात ‘विकण्याचा करार केला आहे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद असावे आणि ‘कायम’चा अर्थ ‘विनाअट’ असा विक्रीला जोडून यावा. दुसऱ्यात ‘निर्वेध’ आणि ‘बिनबोजाची’ यांसाठी दोन शब्द असावेत : पहिल्यासाठी हक्काला कोणताही अडसर नाही अशा अर्थाचा व्यापक शब्द, आणि दुसऱ्यासाठी प्रभार व देणी यांपासून मुक्त अशा अर्थाचा. तिसऱ्यात ‘आज’ हा शब्द आणि पूर्ण झालेली क्रिया ही दोन्ही टिकावीत, आणि ‘प्रत्यक्ष’ किंवा ‘रिकामा’ असे विशेषण मुळात नसल्यामुळे भाषांतरातही नसावे. चौथ्यात विक्रीचा दस्त निष्पादित करून देण्याचे अभिवचन स्पष्ट यावे.

ही परीक्षा कोणालाही करता येण्याजोगी आहे. भाषांतर झाल्यावर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या जाणकाराकडून ते परत मूळ भाषेत आणवावे, आणि मग दोन मराठी पाठ शब्दशः न ताडता प्रत्येक वाक्यास चार प्रश्न विचारावे : मालकी गेली का, कब्जा कोणाकडे आणि केव्हापासून, परक्याचा कोणता हक्क शिल्लक राहतो, आणि पैसे न दिल्यास कोण कोणावर दावा लावू शकतो. उत्तरे जुळली तर भाषांतर शब्दांनी थोडे ओबडधोबड असले तरी चालेल. उत्तरे जुळली नाहीत तर ते कितीही रेखीव असले तरी टाकाऊ होय.

५. संदिग्ध मूळ आणि भाषांतरकाराची मर्यादा

एक शेवटचा प्रश्न उरतो. मूळ दस्तच संदिग्ध असेल तर काय करावे? याचे जुने उदाहरण म्हणजे मुदतखरेदी. शेतकऱ्याने सावकारास जमीन ‘खरेदी’ म्हणून लिहून द्यावी आणि त्याच लेखात, अमुक वर्षांत रक्कम परत केल्यास सावकाराने जमीन परत द्यावी अशी अट असावी. हा व्यवहार परतीच्या अटीची विक्री आहे, की सशर्त विक्रीच्या रूपातील गहाण? मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ ला १९२९ मध्ये जोडलेल्या परंतुकाप्रमाणे, ती अट त्याच दस्तात नसेल तर त्यास गहाण समजता येत नाही. पण असली म्हणजे गहाण ठरतेच असेही नाही. भास्कर वामन जोशी विरुद्ध श्रीनारायण रामबिलास अग्रवाल या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की हा प्रश्न पक्षकारांच्या उद्देशाचा असून, सभोवतालच्या परिस्थितीच्या प्रकाशात दस्ताची भाषा वाचून तो ठरवावयाचा असतो.

यातील ‘दस्ताची भाषा’ हे शब्द भाषांतरकाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. उच्च न्यायालयापुढे ती भाषा त्याच्या हातून येते. मुदतखरेदीला त्याने ‘मॉर्गेज’ म्हटले तर शेतकऱ्याच्या बाजूने निकाल दिल्यासारखे होते. ‘अ‍ॅब्सोल्यूट सेल’ म्हटले तर सावकाराच्या. दोन्ही निर्णय न्यायाधीशाचे आहेत. त्याने ‘मुदतखरेदी’ हा शब्द रोमन लिपीत उतरवून ‘मुदतीच्या अटीची खरेदी’ एवढाच शब्दार्थ द्यावा, अट जशी आहे तशी सांगावी, आणि मुळात जेथे दोन अर्थ निघतात तेथे भाषांतरातही ते दोन्ही निघतील अशी रचना शोधावी. रचना सापडली नाही तर टीप देऊन दुसरा अर्थ नमूद करावा. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयासारख्या संस्थांनी परिभाषा घडवून या कामातील मोठा भाग सुकर केला आहे. परंतु कोणताही परिभाषाकोश, जी गोष्ट पक्षकारांनी अस्पष्ट ठेवली ती स्पष्ट करण्याचा अधिकार भाषांतरकारास देत नाही. शेतकऱ्याने ‘खरेदी’ म्हणून लिहून दिलेल्या त्या जमिनीत तो आज मालक आहे की नाही, हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. मूळ लेखात तो प्रश्न जेवढा उघडा होता तेवढाच उघडा तो न्यायालयापुढे नेणे, हेच भाषांतरकाराचे काम होय.